साडीच्या दुकानात ग्राहक आल्यावर पहिली पाच मिनिटे: नव्या विक्रेत्यासाठी मार्गदर्शन

इंदूरला राजवाड्याच्या आसपास किंवा शीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानात नव्याने उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगितले जाते की आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. ही सूचना मनात घट्ट बसली की नवा विक्रेता दाराकडे डोळे लावून उभा राहतो, कुणी पायरी चढताच पुढे धावतो, "काय दाखवू?" असे विचारतो आणि मग ती व्यक्ती जिथे जाईल तिथे दोन पावले मागे चालत राहतो. त्याचा हेतू सेवेचा असतो. ग्राहकाला मात्र आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाटते, आणि तो "फक्त बघतोय" असे म्हणून लवकरात लवकर बाहेर पडतो.

हा लेख फक्त त्या सुरुवातीच्या काळाविषयी आहे, म्हणजे ग्राहक आत आल्यापासून तो स्वतःहून पहिला खरा प्रश्न विचारेपर्यंतच्या चार-पाच मिनिटांविषयी. साडी कशी दाखवावी, भाव कसा सांगावा, घासाघीस कशी हाताळावी हे विषय यात नाहीत. या काळात विक्रेत्याची कामे तीन: ग्राहकाची दखल घेणे, काय कुठे आहे ते सांगणे आणि बाजूला होणे. पहिली दोन कामे आठवड्याभरात जमतात. तिसरे जमायला वेळ लागतो, म्हणून त्यावर अधिक लिहिले आहे.

दाराजवळ थांबू द्या

ग्राहक आत पाऊल टाकतो तेव्हा तो दुकान बघत नसतो. बाहेरच्या उन्हातून ट्यूबलाइटच्या उजेडात आल्यावर डोळ्यांना क्षणभर नीट दिसत नाही. पावसाळ्यात छत्री मिटायची असते, बैठकीच्या दुकानात चपला काढायच्या असतात. आपल्या शहरात दुचाकीवरून येणाऱ्या कित्येक जणी तोंडाला ओढणी गुंडाळून येतात, आणि ती सोडून, गाडीची किल्ली पर्समध्ये टाकून झाल्याशिवाय त्यांचे लक्ष समोरच्या कपाटाकडे जात नाही. या अवस्थेत विचारलेला प्रश्न नीट ऐकूच येत नाही, आणि उत्तर "काही नाही, असंच" असे येते. एकदा "काही नाही" म्हटले की पुन्हा काही मागताना माणसाला संकोच वाटतो. घाईने विचारलेला पहिला प्रश्न असा पुढच्या संभाषणाची वाट अडवून बसतो.

म्हणून दारापासूनची पाच-सहा फुटांची जागा ग्राहकाची समजावी आणि तिथे उभे राहू नये. ग्राहक दिसताच मान वर करावी, नजरेला नजर मिळवावी, किंचित मान लववावी आणि एवढ्यावरच थांबावे. हातात साडीची घडी असेल तर ती तशीच हातात असू द्यावी. बोलणे सुरू करायचे ते ग्राहक ती जागा ओलांडून आत आल्यावर आणि त्याची नजर पहिल्यांदा मालावर किंवा तुमच्यावर स्थिरावल्यावर. याला बहुधा काही क्षणच लागतात. पण एक मिनिट होऊनही कुणी काही बोलले नाही तर ग्राहकाला आपली दखल घेतली नाही असे वाटू लागते. तेवढा उशीर मात्र होऊ देऊ नये.

पहिले वाक्य: प्रश्न नको, दिशा द्या

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन आपल्या कर्मचाऱ्यांकडून वचन घेत असत की ग्राहक दहा फुटांच्या आत आला की त्याच्या डोळ्यांत पाहायचे, त्याला अभिवादन करायचे आणि काही मदत हवी का ते विचारायचे. यातील पहिले दोन भाग आपल्याकडेही जसेच्या तसे लागू पडतात. तिसऱ्या भागाबाबत माझे मत निराळे आहे. ज्या दुकानात ग्राहक ठरावीक वस्तू घ्यायला येतो तिथे "मदत हवी का?" हा प्रश्न उपयोगी असतो. साडीच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्याला काय हवे आहे ते शब्दांत सांगता येत नसते. ते पाहिल्यावरच ठरते. अशा माणसाला "काय दाखवू?" असे विचारले की त्याला न ठरलेली गोष्ट ठरवून सांगावी लागते. ते टाळण्यासाठी तो नकार देतो.

त्याऐवजी पहिल्या वाक्यात उत्तराची अपेक्षाच नसावी. अभिवादन करावे, मग कुठे काय आहे ते एका वाक्यात सांगावे आणि शेवटी निवांत बघण्याची मोकळीक द्यावी. उदाहरणार्थ: "या, नमस्कार. महेश्वरी या भिंतीला आहेत, चंदेरी समोर, आणि रोजच्या वापरातल्या सुती साड्या आत डावीकडे. निवांत बघा, मी इथेच आहे." एवढे बोलून थांबावे.

या वाक्यात काय नाही ते नीट पाहावे. "आजच नवा माल आलाय" नाही, "सूट चालू आहे" नाही, "लग्नासाठी का?" नाही. सूट असेल तर तिची पाटी लावलेली असते. ती ग्राहकाला वाचू द्यावी. कारण विचारणे तर विशेष टाळावे. घरातील कार्य, कुणाला द्यायची भेट, कधी श्राद्धाच्या निमित्ताने द्यायची साडी, अशी अनेक कारणे असतात आणि ती सांगायची की नाही हे ग्राहकाने ठरवायचे असते. ग्राहक ती सांगेल तेव्हा मात्र लक्षपूर्वक ऐकावे, कारण नंतरची सारी निवड त्यावर अवलंबून असते.

"किती पर्यंत बघायची आहे?" हा प्रश्नही या टप्प्यावर नको. सोबत सासू, जाऊ किंवा मैत्रीण असताना आकडा सांगणे अवघड जाते. मग ग्राहक एक तर वाढवून सांगतो किंवा गप्प बसतो. किमतीची दिशा द्यायचीच असेल तर ती मालाच्या बाजूने द्यावी: "खालच्या दोन कप्प्यांत दोन हजारांच्या आतल्या आहेत, वर हातमागाच्या भारी साड्या." ग्राहक कोणत्या कप्प्याकडे वळतो यावरून तुम्हाला जे विचारायचे होते ते कळतेच. त्याच्या पेहरावावरून किंवा तो रिक्षातून उतरला की मोटारीतून यावरून कप्पा आपण ठरवू नये; दिशा सांगताना सगळ्यांना दोन्ही कप्पे सांगावेत.

भाषा आणि संबोधन

इंदुरात दुकानाची भाषा हिंदी आहे, त्यामुळे अनोळखी ग्राहकाला "आइए, नमस्ते" म्हणणे योग्यच. नथ, कुंकू, मंगळसूत्र किंवा नेसण्याची पद्धत पाहून मराठीत सुरुवात करण्याचा मोह आवरावा. अंदाज चुकला तर ग्राहकाला परकेपणा वाटतो. उलट, माणसे आपसात मराठीत बोलताना ऐकू आली तर मात्र पुढचेच वाक्य मराठीत बोलावे. ही केवळ आपुलकीची गोष्ट नाही, त्यामागे महत्त्वाचे कारण आहे.

आपली मराठी घरे बाजारात एक सवय पाळतात. विक्रेत्याशी हिंदीत बोलायचे आणि किंमत, पसंती, घरची अडचण यांविषयी आपसात मराठीत. समोरच्याला ही भाषा कळत नाही असे त्यांनी गृहीत धरलेले असते. "अगं, एवढी महाग नको, आत्ता फी भरायची आहे" हे वाक्य ते तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलून जातात. तुम्ही ते ऐकून घेतले आणि दहा मिनिटांनी अचानक मराठीत म्हणालात की "वहिनी, यापेक्षा स्वस्तातलीही आहे", तर तुमची सूचना कितीही चांगली असली तरी त्यांना लाज वाटेल आणि आतापर्यंत आपले बोलणे चोरून ऐकले गेले असे वाटेल. म्हणून मराठी येते हे अगदी सुरुवातीला, खाजगी बोलणे सुरू होण्याआधी, उघड करावे. "या, बसा, आरामात बघा" एवढे पुरे. त्यानंतर ती मंडळी काय मोठ्याने बोलायचे आणि काय हळू, हे समजून बोलतील. चुकून काही कानावर आलेच तर ते आपल्या बोलण्यात कधीही वापरू नये.

संबोधनाच्या बाबतीत "ताई" हा सर्वांत निर्धोक शब्द आहे. हिंदीत बोलताना "दीदी". पुरुषांना "दादा", मोठ्या वयाच्या गृहस्थांना "काका". "काकू" आणि "मावशी" हे शब्द प्रेमाचे असले तरी चाळिशीतल्या बाईला अनोळखी मुलाने ते वापरले की तिला ते आवडतीलच असे नाही, आणि "आंटी" तर टाळावेच. दोन पिढ्या एकत्र आल्या असतील तर अभिवादन आधी वयाने मोठ्या व्यक्तीला करावे. साडी कुणासाठी आहे हे कळलेले नसते, पण तो मान चुकला तर घरातली मोठी माणसे ते विसरत नाहीत.

बाजूला होणे

बोलून झाल्यावर विक्रेत्याने काय करायचे, हे बहुतेक दुकानांत कुणी शिकवत नाही. नवा मुलगा बोलतो आणि तिथेच उभा राहतो. त्याच्या मनात तीन भीती असतात. शेठजी गल्ल्यावरून बघत आहेत, त्यांना मी रिकामा दिसेन. दुसरा विक्रेता मध्येच येऊन गिऱ्हाईक आपल्याकडे घेईल. आणि ग्राहकाला काही हवे असताना मी दूर असलो तर तो निघून जाईल. या तिन्ही भीतींचा बंदोबस्त केल्याशिवाय "मागे मागे फिरू नको" असे नुसते सांगून काही होत नाही.

पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे हातात काम असणे. साडीच्या दुकानात काम कधी संपत नाही: उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या असतात, कप्प्यातील रंगांची लावणी नीट करायची असते, किमतीच्या चिठ्ठ्या आत गेलेल्या असतात त्या बाहेर काढायच्या असतात. ग्राहकाला दिशा सांगून झाली की सात-आठ फुटांवर जाऊन असे एखादे खरे काम हाती घ्यावे. ते खोटे असू नये. घातलेली घडी मोडून पुन्हा घालणारा माणूस ग्राहकाच्या लगेच लक्षात येतो. काम असे निवडावे की ते कोणत्याही क्षणी सोडता येईल. म्हणून शिडीवर चढून वरचा माल काढणे किंवा हिशेबाची वही लिहिणे यावेळी नको.

अंतराविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली माणसांमधील अंतराचे टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत साधारण चार फुटांच्या आतले अंतर जवळच्या ओळखीचे आणि चार ते बारा फुटांचे अंतर अनोळखी व्यवहाराचे मानले आहे. ही निरीक्षणे अमेरिकेतली आहेत आणि आपल्या बाजारातली गर्दी पाहता ती फूटपट्टी घेऊन लावता येणार नाहीत, पण त्यांतला मुद्दा इथेही खरा ठरतो. सहा-आठ फुटांवरून साध्या आवाजात बोललेले ऐकू येते आणि तरीही माणसाला मोकळे वाटते. दुकानच दहा फूट रुंद असेल तर अंतराची कसर उभे राहण्याच्या दिशेने भरून काढावी. ग्राहकाकडे तोंड करून न उभे राहता खांदा त्याच्याकडे करून उभे राहावे, म्हणजे डोळ्यांच्या कडेतून तो दिसतो, पण आपली नजर त्याच्यावर रोखलेली नसते. त्याच्या पाठीमागे मात्र कधीही उभे राहू नये. कपाटासमोर वाकून बघणाऱ्या व्यक्तीच्या मागून कुणी घासून गेले, किंवा जाईल अशी नुसती शंका आली, तरी ती व्यक्ती तिथून सरकते. चिंचोळ्या बोळात ठेवलेल्या चांगल्या साड्या का खपत नाहीत याचे कारण पुष्कळदा हेच असते.

दुसऱ्या भीतीवरचा उपाय विक्रेत्याच्या हातात नसतो, तो दुकानाच्या शिस्तीचा भाग आहे. ज्या दुकानात विक्रीवर कमिशन असते तिथे पाळी ठरलेली असावी: ज्याने स्वागत केले त्याचा ग्राहक, मग तो वीस मिनिटांनी बोलला तरी. अशी पाळी नसेल तर प्रत्येक जण ग्राहकाला चिकटून राहणारच, आणि त्यात दोष मुलांचा नाही. नव्या विक्रेत्याने रुजू होतानाच हा नियम विचारून घ्यावा.

सकाळच्या पहिल्या ग्राहकाबाबत आणखी एक दडपण असते, ते भवानीचे. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक काही न घेता गेले तर दिवस वाया जातो असे कित्येक दुकानदार मनापासून मानतात, आणि ती श्रद्धा मला इथे खोडून काढायची नाही. पण तिचे ओझे ग्राहकावर टाकता येत नाही. "भवानीच्या वेळी असं करू नका, काहीतरी घेऊन जा" असे म्हणणाऱ्या दुकानात ती बाई सकाळी पुन्हा येत नाही. भवानी व्हावी म्हणून दाराजवळच रुमाल, ब्लाउज पीस, फॉल अशा किरकोळ वस्तू मांडून ठेवाव्यात. पहिली विक्री बहुतेक वेळा त्यांतूनच होऊन जाते.

कधी जवळ जावे

तिसऱ्या भीतीचे उत्तर म्हणजे खुणा ओळखणे. ग्राहकाला मदत हवी असते तेव्हा तो ते आधी शरीराने सांगतो आणि नंतर तोंडाने. कप्पा चाळताना त्याची मान खाली असते. ती वर होऊन नजर दुकानभर फिरू लागली की तो माणूस शोधतो आहे असे समजावे. एकाच साडीकडे तो फिरून दुसऱ्यांदा आला, साडीची घडी खांद्यावर टाकून आरशाकडे वळला किंवा दाराच्या उजेडात घेऊन गेला, काठ उलटा करून पाहू लागला, सोबतच्या व्यक्तीला "ही कशी वाटते?" असे विचारू लागला, तर जवळ जाण्याची वेळ झाली. किमतीची चिठ्ठी एकदा पाहणे ही खूण नाही, ते सगळेच करतात. तीच चिठ्ठी पुन्हा पाहणे ही खूण आहे.

उलट खुणाही तितक्याच स्पष्ट असतात. तुम्ही जवळ येताच ग्राहक पुढच्या कप्प्याकडे सरकला, तुटक उत्तर देऊन पाठ वळवली, मोबाइल काढून त्यात बघू लागला, तर तुम्ही लवकर आलात. अशा वेळी काही न बोलता, वाटेतली एखादी साडी उचलून, आपण त्या कामासाठीच आलो होतो अशा सहजतेने पुढे निघून जावे. "फक्त बघतेय" असे कुणी म्हटले तर त्याचे उत्तर "हो, अवश्य बघा" एवढेच. त्यानंतर दुसऱ्यांदा स्वतःहून विचारायला जायचे ते खूण दिसल्यावरच. खूण दिसलीच नाही तर सात-आठ मिनिटांनी लांबूनच फक्त नजरेला नजर द्यावी.

जवळ गेल्यावर बोलायचे ते ग्राहकाच्या हातातील वस्तूविषयी, आणि एकच माहितीचे वाक्य. महेश्वरी साडीचा काठ पाहणाऱ्या बाईला "याचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा आहे, उलटसुलट कशीही नेसता येते" हे सांगणे उपयोगी आहे, कारण ती तेच उलटून पाहते आहे. "तुम्हाला हा रंग फार खुलून दिसेल" हे वाक्य मात्र वापरू नये. तिने अजून ती साडी अंगावर धरलेलीही नसते, आणि हे वाक्य प्रत्येक विक्रेता प्रत्येक रंगाविषयी बोलतो हे तिला ठाऊक असते. असे एक वाक्य बोलले की नंतर सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

बैठकीच्या दुकानात

वर सांगितलेले बहुतेक सारे उघड्या कप्प्यांच्या दुकानाला लागू आहे. जुन्या पद्धतीच्या बैठकीच्या दुकानात पांढरी गादी अंथरलेली असते, माल विक्रेत्याच्या पाठीमागे असतो आणि ग्राहकाला तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. तिथे बाजूला होता येत नाही, कारण ग्राहकाचे बघणे तुमच्या हातांतूनच होते. तिथे दडपण येते ते उघडलेल्या साड्यांमुळे.

गादीवर बसलेल्या बाईसमोर पंधरा-वीस साड्या भराभर उलगडून टाकल्या की विक्रेत्याला वाटते आपण मेहनत घेतली. तिला मात्र प्रत्येक उलगडलेल्या साडीबरोबर एक उपकार चढल्यासारखा वाटतो: एवढ्या उघडायला लावल्या, आता काहीतरी घ्यायलाच हवे. त्या भावनेपोटी ती एखादी साडी घेतेही. घरी जाऊन ती नावडती ठरते, दोन दिवसांनी बदलायला येते आणि पुढच्या खरेदीला दुसरे दुकान गाठते. म्हणून सुरुवातीला तीनच साड्या ठेवाव्यात, एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या: एक फिकी, एक गडद, एक चौकडीची. पूर्ण उलगडू नयेत. काठ आणि पदर दिसेल एवढ्याच उघडाव्यात. तिचा हात कुणाकडे जातो ते पाहून त्या दिशेच्या आणखी दोन काढाव्यात. नाकारलेली साडी तिच्या देखत लगेच घडी घालून ठेवू नये, त्यात नाराजी दिसते. ती हळूच बाजूला सारावी आणि घडी ती मंडळी गेल्यावर घालावी.

पाणी बसताच द्यावे. चहाचे मात्र थांबावे. बसल्याबरोबर आलेला चहा पाहुणचाराइतकाच बांधून घालणाराही असतो. "नको, नको" म्हणणाऱ्या ग्राहकाला आग्रह करून चहा पाजला की त्याला उठणे कठीण जाते. निवड चालू झाल्यावर, दोन-तीन साड्या बाजूला काढल्यावर विचारलेला चहा सुखाने घेतला जातो.

एक प्रसंग सविस्तर

समजा, श्रावणातील एका दुपारी उघड्या कप्प्यांच्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांची विशीतली मुलगी येतात. मुलगी तोंडाची ओढणी सोडते आहे, आई ओली छत्री कुठे ठेवावी ते बघते आहे. विक्रेती मुलगी आत घडी घालत उभी आहे. ती मान लववते आणि छत्रीच्या बादलीकडे हात दाखवते, बोलत नाही. दोघी पुढे येतात. आई मुलीला म्हणते, "इथे बरी दिसतेय व्हरायटी." हे मराठी ऐकताच विक्रेती म्हणते, "या ताई, नमस्कार. महेश्वरी या बाजूला आहेत, चंदेरी समोर. खालचे कप्पे दोन हजारांच्या आतले. निवांत बघा." आणि ती चंदेरीच्या टोकाला जाऊन आपले काम पुन्हा सुरू करते.

पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही, आणि घडूही नये. दोघी खालचा कप्पा चाळतात, मग मुलगी वरच्या कप्प्यातून एक मोरपंखी महेश्वरी काढते, चिठ्ठी पाहते, परत ठेवते. नव्या विक्रेत्याला इथेच राहवत नाही, तो पुढे होऊन "काढून दाखवू का?" म्हणतो. आपली विक्रेती थांबते. आई पुढे सरकते, मुलगी मात्र परत येऊन तीच साडी काढते, या वेळी आईच्या खांद्यावर धरते, आणि आई काठ उलटा करून बघते. आता विक्रेती हातातली घडी खाली ठेवून चार-पाच फुटांवर येते, दोघींच्या मागे न जाता बाजूला, आणि म्हणते, "याचा काठ दोन्हीकडून सारखा आहे, ताई. आरसा तिकडे उजेडात आहे." आई विचारते, "यातच थोडी कमी किमतीची?" हा तो पहिला खरा प्रश्न. इथून पुढे स्वागत संपते आणि दाखवणे सुरू होते.

याच प्रसंगात आईने काठ न उलटता साडी परत ठेवली असती, तर विक्रेतीने जागेवरून हलायचे नव्हते. मोरपंखी रंग मुलीला आवडला एवढे लक्षात ठेवायचे होते, म्हणजे नंतर विचारले गेले असते तेव्हा ती माहिती उपयोगी पडली असती.

गर्दीत, आणि न घेता जाताना

रक्षाबंधन, दिवाळी आणि लग्नसराईत हे सगळे असे निवांत करता येत नाही. एका ग्राहकात गुंतलेले असताना दुसरा आत आला तर पहिल्याची परवानगी घेऊन मान वर करावी आणि "या, पाच मिनिटांत येते, तोवर समोरच्या कप्प्यात बघा" असे सांगावे. पाच म्हटले तर पाच मिनिटांनी एकदा नजर द्यावीच. गर्दीत ग्राहक थांबायला तयार असतो. आपण दिसलोच नाही असे वाटले की मात्र तो शेजारच्या दुकानात जातो.

ग्राहक काही न घेता निघाला तर दाराच्या वाटेत येऊ नये, "काय झालं, आवडलं नाही?" असे विचारू नये आणि शेवटच्या क्षणी भाव कमी करून हाक मारू नये. तशी हाक मारली की आधी सांगितलेला भाव खरा नव्हता हे तुम्हीच कबूल करता. येताना ज्या आवाजात नमस्कार केला त्याच आवाजात "या पुन्हा" म्हणावे आणि त्यांनी कोणती साडी दोनदा पाहिली हे आपल्या वहीत रंगासह टिपून ठेवावे. जी साडी एका दिवसात तीन-चार जणींनी दोनदा उचलून परत ठेवली तिच्याविषयी संध्याकाळी शेठजींना सांगावे. बहुधा तिची किंमत, किंवा तिच्यावर पडणारा उजेड, यांपैकी एक गोष्ट बदलायला हवी असते.